घाई नाही, बघून घेऊ

"तुम्हा सर्वांना सणाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. येणारं वर्ष सुखासमाधानाचं आणि आरोग्याचं जावो. घर तुम्ही फार छान ठेवलंय, आम्हाला समाधान आहे. बाकी ते कागदांचं एकदा बघून घेऊ, पुढच्या वर्षाचंही ठरवू. घाई नाही. सर्वांना नमस्कार."

आमच्या घरमालक काकांचा हा निरोप. माणूस सज्जन आहे, भाषाही सज्जन आहे. पण भाड्याने राहणाऱ्या कुणालाही हा निरोप वाचून दाखवा, पहिल्या तीन वाक्यांवरून त्याची नजर घसरते आणि "बाकी" या शब्दापाशी थांबते. त्याच्या लेखी निरोप सुरू होतो तिथून.

माझी गंमत अशी की मी एका गावात भाडेकरू आहे आणि दुसऱ्या गावात घरमालकीण. त्यामुळे सणासुदीला असा एक निरोप मला येतो आणि तसाच एक मला पाठवायचाही असतो. दोन्ही बाजूंनी वापरून झाल्यावर या प्रकाराबद्दल माझी काही मतं बनली आहेत. मुख्य मत हे की शुभेच्छांमध्ये गुंडाळलेली आठवण वाटते तितकी मऊ नसते, आणि ती जितकी मऊ करायला जावं तितकी ती दोघांनाही महाग पडते.

आधी हे मान्य करू की मालक सौम्य का बोलतो याला व्यवहाराचं भक्कम कारण आहे. नुसता चांगुलपणा नाही तो. भाडं महिन्याला शंभर धरू. वर्षाचे झाले बाराशे. मालकाच्या मनात आठ टक्के वाढ आहे, म्हणजे एकशेआठ. भाडेकरूला ती झेपली नाही, तो गेला, नवीन माणूस मिळेपर्यंत घर एक महिना रिकामं राहिलं. मग वर्षात अकरा महिने एकशेआठ मिळाले, म्हणजे अकराशे अठ्ठ्याऐंशी. वाढ मागून बारा कमीच आले! शिवाय रंग काढायचा, दलाली द्यायची, नळ बदलायचे, हे वेगळंच. वेळेवर भाडं देणारा, शेजाऱ्यांशी न भांडणारा भाडेकरू टिकवणं हे बऱ्याचदा वाढीपेक्षा फायद्याचं असतं, आणि जुन्या मालकांना हे आकडेमोड न करताच कळतं. म्हणून "कराराचं काय करताय?" असं थेट विचारायला जीभ रेटत नाही. सण आला की बरं निमित्त मिळतं. बोलायला कारण लागत नाही, बोलणं गोड असतं, आणि जाता जाता विषय सरकवता येतो.

आता काकांचा निरोप जरा जवळून बघू. "ते कागदांचं." कुठले कागद? आमच्या बाबतीत नव्या कराराचा मसुदा त्यांनी आधीच पाठवला होता आणि तो आमच्याकडे सहीसाठी पडून होता. पण त्यांनाच आमच्या ओळखपत्रांच्या ताज्या प्रतीही हव्या होत्या, आणि अनामत रकमेची एक जुनी पावतीही सापडत नव्हती. "ते" म्हणजे या तिघांतलं नेमकं कोणतं, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. "बघून घेऊ." कोण बघणार? मराठीत हे क्रियापद फार सोयीचं आहे. ते म्हणणाऱ्याला वाटतं समोरचा बघेल, ऐकणाऱ्याला वाटतं म्हणणारा बघेल, आणि दोघंही निर्धास्त होतात. "पुढच्या वर्षाचंही ठरवू." यात तर तीन प्रश्न कोंबलेत. राहणार आहात का? किती भाड्याने? आणि किती काळासाठी? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय उरलेले दोन निरर्थक आहेत.

पण सगळ्यात खोटं वाक्य म्हणजे "घाई नाही". काका खोटं बोलत नव्हते, वाक्य खोटं होतं. सण महिन्याच्या 9 तारखेला होता आणि करार त्याच महिन्याच्या 30 तारखेला संपत होता. आमच्या करारात असं कलम आहे की मुदत संपल्यावर घर सोडायचं असेल तरी एक महिना आधी लेखी कळवायचं. म्हणजे सोडायचंच असतं तर आदल्या महिन्याच्या शेवटी कळवायला हवं होतं. 9 तारखेला तो दरवाजा बंद झालेला होता. पर्याय दोनच उरले. राहायचं, किंवा एक महिन्याचं भाडं सोडून जायचं. भाडेकरूने "घाई नाही" वाचून आणखी आठ दिवस विचारात घालवले असते, तर त्याला कळलंही नसतं की एक वाट आधीच बंद झाली आहे.

म्हणून मी आता अशा कुठल्याही निरोपाचा विचार करताना कॅलेंडर उलटं वाचते. करार संपण्याची तारीख शेवटी लिहायची. तिच्याआधी सह्या आणि जिथे लागते तिथे नोंदणी, याला निदान दहा-पंधरा दिवस लागतात, कारण कुणाची तरी सही नेमकी परगावी असते. त्याच्याही आधी कळवण्याची मुदत. आणि तिच्याआधी, म्हणजे करार संपायच्या साधारण दोन महिने आधी, बोलणं सुरू व्हायला हवं. हे गणित मांडलं की लक्षात येतं, सणाचा आणि कराराचा काही संबंध नसतो. सण पंचांगाने येतो, करार त्याच्या तारखेने संपतो. सण अगदी वेळेवर आला तर नशीब. नाही तर सणाची वाट बघत थांबलेला मालक भिडेखातर उशीर करत असतो.

आता निरोपाचं दुसरं टोक बघू. भाडेकरू उत्तर काय देतो?

बहुतेक वेळा जोडलेल्या हातांचं चिन्ह. फार झालं तर "धन्यवाद काका, तुम्हालाही शुभेच्छा" आणि पुढे तेच चिन्ह. मी माझ्या भाडेकरूला पहिल्यांदा असा मिश्र निरोप आलेला पाहिला तो त्याच्या आधीच्या घरातला. त्याने मोठ्या विश्वासाने मला दाखवला होता. "ताई, हे बघा, माझ्या आधीच्या मालकांनी असंच केलं." त्या निरोपात शुभेच्छांच्या खाली एक ओळ होती, की पुढच्या महिन्यापासून भाडं अमुक इतकं करू या, कागद सवडीने करू. त्याने हात जोडले होते. शुभेच्छांना. मालकाने धरलं, भाड्याला.

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे, कारण असं हमखास होतं. करार संपला. भाडेकरूने पहिल्या तारखेला जुन्या दराने भाडं पाठवलं. मालकाने ते घेतलं, बोलला काही नाही, सणाची भीड अजून उतरायची होती. दुसऱ्या महिन्यातही तेच. चौथ्या महिन्यात मालकाने मागची सगळी थकबाकी मागितली, "तुम्ही तेव्हा हो म्हणाला होतात" म्हणून. भाडेकरू म्हणाला, मी कधी हो म्हणालो? दोघांनी आपापले फोन उघडले. दोन्ही फोनवर तेच जोडलेले हात.

खरं कोण? कायद्यात याबाबत जी तत्त्वं ठिकठिकाणी आढळतात ती साधारण अशी. मुदत संपल्यावर भाडेकरू राहत राहिला आणि मालक विनातक्रार भाडं घेत राहिला, तर जुन्याच अटींवर मुकाट्याने मुदतवाढ झाली असं मानायची रीत फार जुनी आहे. रोमन कायद्यातही ती होती, आणि आजच्या अनेक देशांच्या कायद्यांत तिची कुठली ना कुठली आवृत्ती सापडते. वाढीव मुदत किती धरायची, महिन्याची की वर्षाची, हे जागोजागी वेगळं असतं. तुमचा कागद भाडेपट्ट्याचा आहे की नुसता राहण्याच्या परवानगीचा, यावरही ते ठरतं. पण मुद्दा असा की जुन्या दराचं भाडं चार महिने मुकाट घेणं हा मालकाच्या विरुद्ध जाणारा चांगलाच बोलका पुरावा असतो. तिथे जोडलेले हात फारसे कामाला येत नाहीत.

फारसे म्हणते, अजिबात नाही असं नाही. कारण चिन्हांवरून न्यायालयात गेलेली प्रकरणं आता आहेत. इस्राएलमध्ये हर्झलिया इथल्या लहान दाव्यांच्या न्यायालयापुढे 2017 मध्ये नेमकं घरभाड्याचंच प्रकरण आलं. एका जोडप्याने घराची जाहिरात बघून मालकाला घर हवं असल्याचा उत्साही निरोप पाठवला, त्यात हसरा चेहरा, शँपेनची बाटली, धूमकेतू आणि एक खारसुद्धा होती. मालकाने ते पक्कं समजून जाहिरात काढून टाकली. जोडपं पुढे उत्तर द्यायचं बंद झालं. न्यायाधीशांनी सांगितलं की यातून करार झाला असं म्हणता येत नाही, पण त्या चिन्हांनी मालकाला भरवसा दिला आणि वाटाघाटी प्रामाणिकपणे झाल्या नाहीत. भरपाई ठरली 8,000 शेकेल. कॅनडात सॅस्कॅचेवान प्रांतात 2023 च्या निकालात त्याच्याही पुढे गेले. धान्य खरेदीच्या कराराचं छायाचित्र आणि "खात्री द्या" असा निरोप गेला, शेतकऱ्याने अंगठा वर केलेलं चिन्ह पाठवलं. तो म्हणाला, मला फक्त मिळालं असं सांगायचं होतं. न्यायालयाने ती सही धरली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर फरक कुठे पडला ते दिसतं. कॅनडात समोर फक्त करार होता, प्रश्न एकच होता, आणि त्या दोघांमध्ये आधीचे करारही असेच एकदोन शब्दांच्या उत्तरावर झालेले होते. चिन्ह दुसऱ्या कशाला लागूच होऊ शकत नव्हतं. सणाच्या निरोपात नेमकं उलट असतं. तिथे शुभेच्छा आहेत, कौतुक आहे, नमस्कार आहे, आणि मध्येच भाडं. हात कशाला जोडले हे खुद्द जोडणाऱ्यालाही नीट सांगता येणार नाही. मालकाला वाटतं आपण विषय हळुवार काढला. प्रत्यक्षात त्याने आपल्या हातातला पुरावाच पातळ केलेला असतो.

आणि भाडेकरूच्या बाजूने? त्याला तर हे आणखी जड जातं. "घर फार छान ठेवलंय" या वाक्यानंतर स्वयंपाकघराच्या सिंकखालची ओल काढायची कशी? शुभेच्छांना उत्तर म्हणून गळती सांगणं हा आपल्याकडे शुद्ध उद्धटपणा समजला जातो. तो गप्प बसतो. वास्तविक नवीन करारावर सही होण्याआधीचे दिवस हीच भाडेकरूची दुरुस्त्या सांगण्याची सगळ्यात चांगली वेळ असते, कारण त्या वेळी दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी हवं असतं. सही झाली की ओलीचं काम "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" या रांगेत जाऊन उभं राहतं.

नूतनीकरणाच्या कागदात दोन जागा अशा आहेत की ज्यांवर सौम्य निरोपांमुळे कुणाचंच लक्ष जात नाही. पहिली जागा अनामत रकमेची. नवा करार बहुधा जुन्याची नक्कल काढून, तारखा बदलून केला जातो. त्यात छापील ओळ असते, की भाडेकरूने आज अमुक अनामत रक्कम दिली. आज त्याने काहीच दिलेलं नसतं, ती पहिल्या करारावेळी दिलेली असते. पुढे जायच्या वेळी जुना कागद एक रक्कम दाखवतो, नवा तीच रक्कम पुन्हा दाखवतो, आणि दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे वारस समोरासमोर असले तर एक म्हणतो दोनदा दिली, दुसरा म्हणतो पावती कुठे. एवढंच लिहायचं असतं की अमुक तारखेच्या करारान्वये घेतलेली अनामत रक्कम याच करारासाठी पुढे चालू धरली आहे, नव्याने काही घेतलेलं नाही. आणि रक्कम "इतक्या महिन्यांचं भाडं" अशी ठरलेली असेल तर भाडं वाढल्यावर तीही वाढते का, हेही तिथेच लिहावं. वाढ मान्य करताना ही शेपटी कुणाच्या ध्यानात नसते.

दुसरी जागा घरातल्या वस्तूंच्या यादीची. पंखे, दिवे, कपाटं, गीझर, भिंतींची अवस्था. पहिल्या वेळी ती यादी निगुतीने केलेली असते. नूतनीकरणात तिला एक तर कुणी हात लावत नाही, किंवा "सर्व वस्तू सुस्थितीत" असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. ही ओळ मालकाने लिहिली तर मधल्या काळात झालेल्या नुकसानीबद्दल पुढे बोलायचा त्याचा हक्क जवळपास गेला, कारण त्यानेच लिहून दिलं की सगळं सुस्थितीत होतं. भाडेकरूने न बघता सही केली तर आधीच बिघडलेला गीझर त्याच्या माथी. म्हणून मी यादी नव्याने न करता जुनीच जोडते आणि खाली आजच्या तारखेने फरक लिहिते. बाल्कनीच्या दाराची बिजागरी सैल. हॉलच्या उत्तर भिंतीवर वितभर भेग, पहिल्यापासूनची. दोघांच्या सह्या. अर्धा तास लागतो.

हे सगळं सांगून झाल्यावर मी स्वतः काय लिहिते ते सांगायला हवं. मी शुभेच्छा आणि कागद वेगळे करते. सणाच्या दिवशी फक्त शुभेच्छा, आणि त्यात घराचा उल्लेखही नाही. भाडेकरूलाही एखादा दिवस भाडेकरू नसल्यासारखा मिळावा. कराराचा निरोप त्याच्या तारखेने जातो, सण असो वा नसो. यंदा तो सणानंतर लगेच आला, म्हणून मधे दोन दिवस सोडले आणि लिहिलं:

"आपला करार पुढच्या महिन्याच्या 30 तारखेला संपतो. तुम्ही पुढे राहावं असं मला वाटतं. राहायचं असेल तर किती महिने, हे या रविवारपर्यंत कळवाल का? राहायचं नसेल तरी याच रविवारपर्यंत सांगा, म्हणजे महिन्याची आगाऊ सूचना वेळेत धरता येईल. भाड्यात पाच टक्के वाढ माझ्या मनात आहे, त्यावर बोलू. घरात काही दुरुस्ती हवी असेल तर सहीच्या आधी सांगा. काहीच ठरलं नाही तर आपोआप मुदतवाढ झाली असं मी धरणार नाही, तुम्हीही धरू नका."

माझ्या बहिणीने हे वाचून "केवढी कोरडी आहेस गं" म्हटलं. असेल. पण यातल्या प्रत्येक वाक्याला हो किंवा नाही म्हणता येतं. शेवटचं वाक्य तिला विशेष खटकलं. माझ्या मते तेच सगळ्यात काळजीचं वाक्य आहे. गप्प राहिल्यावर काय होईल हे आधी कळलं तर माणूस गप्प राहत नाही. आणि "तुम्ही पुढे राहावं असं मला वाटतं" हे मी आवर्जून दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, कारण तारीख वाचताच भाडेकरूच्या पोटात जो गोळा येतो तो लगेच विरावा. सौम्यपणा हवाच, तो योग्य जागी ठेवला म्हणजे झालं. तारखेत आणि आकड्यात तो घालू नये.

काकांनाही मी उत्तर दिलं. शुभेच्छांना शुभेच्छा, आणि खाली वेगळ्या निरोपात, की मसुदा आमच्याकडे आहे, मुदत 30 ला संपतेय, अनामतीच्या ओळीत एवढा बदल हवा, आम्ही राहणार आहोत, शनिवारी सह्यांना यावं का. त्यांचा लगेच फोन आला. आवाजात सुटकाच होती. "बरं झालं तुम्हीच काढलंत, मला मेलं सणाच्या दिवशी कसं बोलायचं तेच कळेना."

माझ्या भाडेकरूचं उत्तर रविवारी दुपारी आलं. त्याने तीन गोष्टी लिहिल्या. एक, त्याची दुसऱ्या शहरात बदली होण्याची शक्यता आहे, त्यामुळे तो वर्षाचं वचन देऊ शकत नाही, सात महिने नक्की राहील. दोन, पाच टक्के चालतील, पण सातच महिन्यांसाठी असेल तर अडीच करता का. तीन, न्हाणीघरातली फरशी एका कोपऱ्यात पोकळ वाजते, पाणी खाली झिरपत असावं, हे तो गेले कित्येक दिवस सांगायचं सांगायचं म्हणत होता. करार सात महिन्यांचा केला, वाढ तीन टक्क्यांवर आली. फरशी उकरली तर खालचा निचऱ्याचा पाइप सांध्यापाशी तडकलेला निघाला. खालच्या मजल्यावरच्या छताला ओल अजून आली नव्हती.